उलटीच्या चार वाटा

घाटातला प्रवास ठरला की मेडिकलच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते : "उलटीची एक गोळी द्या." बरेचदा दुकानदार ऑन्डान्सेट्रॉनची गोळी काढून देतो. आई ती पोराला निघताना देते, आणि आंबा घाट उतरेपर्यंत पोराने दोन-तीनदा खिडकीबाहेर मान काढलेली असते. मग गोळी खोटी होती, असा निष्कर्ष निघतो. गोळी खोटी नसते. हेच औषध 1991 साली अमेरिकेत बाजारात आलं, तेव्हा कर्करोगाच्या वॉर्डांमधलं चित्र त्याने बदलून टाकलं होतं. केमो घेताना दिवसभर ओकणारी माणसं त्या औषधामुळे शांतपणे पडून राहू लागली. एका ठिकाणी इतकं गुणकारी ठरलेलं औषध घाटात इतकं निरुपयोगी का ठरावं?

कारण 'उलटीची गोळी' अशी एक वस्तूच नाही. उलटी घडवून आणणारी यंत्रणा मेंदूत आहे, आणि तिच्यापर्यंत पोचणाऱ्या वाटा वेगवेगळ्या आहेत. प्रत्येक औषध त्यांतली एखादी वाट अडवतं. उलटी ज्या वाटेने येते आहे तीच अडवली गेली तर औषध लागू पडतं, नाहीतर नाही.

उलटी पोट करतं, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. फ्रान्समधला शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी याने 1813 साली एक निष्ठुर पण निर्णायक प्रयोग केला. त्याने कुत्र्याचं जठर काढून त्या जागी डुकराचं मूत्राशय बसवलं आणि उलटीचं औषध शिरेतून दिलं. कुत्र्याला उलटी झाली आणि त्या मूत्राशयातलं पाणी तोंडातून बाहेर आलं. म्हणजे जठर नसतानाही उलटी झाली. ती घडवली होती पोटाच्या भिंतीच्या स्नायूंनी आणि श्वासपटलाने.

हा क्रम ओळखीचा आहे, फक्त आपण तो नीट पाहिलेला नसतो. आधी मळमळ सुरू होते, चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो आणि तोंडाला एकदम पाणी सुटतं. ही लाळ येणाऱ्या आम्लाची धार कमी करते. जठराचा वरचा भाग सैल पडतो. त्याच वेळी लहान आतड्याच्या मधल्या भागातून एक जोरदार आकुंचन उलट दिशेने वर सरकतं आणि आतड्यातला मजकूर जठरात आणून टाकतं. वारंवार उलट्या झाल्यावर शेवटी हिरवं-पिवळं कडू पित्त पडतं, ते याच उलट्या लाटेमुळे. पुढे उमासे सुरू होतात. उमाशात श्वासनलिकेचं तोंड बंद असतं, आणि श्वासपटल व पोटाचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. अन्न वरखाली होतं, पण बाहेर पडत नाही, कारण अन्ननलिकेभोवतालचा श्वासपटलाचा भाग अजून घट्ट असतो. खऱ्या उलटीच्या क्षणी नेमका तेवढाच भाग सैल पडतो, पोटाचे स्नायू पूर्ण ताकदीने आवळतात, पडजिभेकडचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते आणि सारं तोंडावाटे बाहेर येतं. श्वासनलिका या सगळ्या काळात मिटलेली राहते, म्हणून उलटी फुप्फुसात जात नाही. दारूच्या नशेत बेशुद्ध झालेल्या माणसात हेच संरक्षण ढिलं पडतं. अशा माणसाला उताणं न ठेवता कुशीवर वळवायचं असतं, ते यासाठी.

इतक्या स्नायूंना इतक्या नेमक्या क्रमाने हलवायचं, तर कोणीतरी सूत्र हातात धरलेलं हवं. ते ब्रेनस्टेममध्ये असतं, म्हणजे मेंदू जिथे खाली निमुळता होत मज्जारज्जूला मिळतो त्या बुंध्यात. श्वास, गिळणं, हृदयाची गती यांचा कारभारही तिथूनच चालतो. हर्बर्ट बोरिसन आणि एस. सी. वांग या दोघा अमेरिकेतल्या संशोधकांनी 1949च्या सुमारास मांजरांवर प्रयोग करून तिथला एक भाग विजेने चेतवला आणि उलटी घडवून दाखवली. 'व्हॉमिटिंग सेंटर' हे नाव पाठ्यपुस्तकांत रुळलं ते त्यांच्या कामामुळे. पुढच्या संशोधनातून असं दिसलं, की टाचणीने दाखवता येईल असं एकच केंद्र तिथे नाही. शेजारशेजारच्या चेतापेशींचं एक जाळं आहे आणि ते ठरलेल्या क्रमाने आज्ञा सोडतं. नाव मात्र तेच टिकलं आहे आणि कामापुरतं ते योग्यही आहे.

या जाळ्याकडे मुख्यतः चार वाटांनी निरोप येतात.

पहिली वाट पोटातून निघते. जठर आणि आतड्याच्या अस्तरात काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन साठवून बसलेल्या असतात. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यातच असतं. बिघडलेलं अन्न, जंतूंचं विष किंवा काही औषधं यांनी त्या पेशी दुखावल्या की सेरोटोनिन बाहेर सांडतं. ते शेजारच्या व्हेगस नसेच्या टोकांवर जाऊन बसतं आणि निरोप थेट ब्रेनस्टेमकडे जातो.

दुसरी वाट रक्तातून येते. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक गाळणी असते. रक्तातले बरेचसे पदार्थ ती मेंदूत शिरू देत नाही. पण ब्रेनस्टेमच्या मागच्या पृष्ठभागावर 'एरिया पोस्ट्रेमा' नावाचा एक चिमुकला भाग आहे, तिथे ही गाळणी नाही. तो भाग रक्ताची सतत चव घेत बसलेला असतो. मॉर्फिनसारखी औषधं, हृदयासाठीचं डिगॉक्सिन जास्त झालं तर ते, मूत्रपिंड निकामी झाल्यावर साचलेली घाण, या सगळ्यांची चाहूल इथे लागते. गरोदरपणातल्या उलट्यांचं कोडं याच परिसरात सुटू लागलं आहे. वारेतून आणि गर्भातून जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि ते जिथे जाऊन बसतं ती जागा याच भागात आहे. ज्या स्त्रियांच्या अंगात गरोदरपणाआधी हे संप्रेरक कमी असतं त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्रास जास्त होतो, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. 'मनाचं खूळ आहे, दुर्लक्ष कर' असं ज्या बायकांना वर्षानुवर्षं ऐकावं लागलं, त्यांच्यासाठी मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

तिसरी वाट कानातून येते. आतल्या कानात तोल सांभाळणारा अवयव असतो. घाटात गाडी वळणं घेते तेव्हा कान सांगतो, आपण डोलतो आहोत. मोबाइलच्या पडद्यावर किंवा पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. हा विसंवाद आठव्या मेंदूनसेतून ब्रेनस्टेमला पोचतो आणि गाडी लागते. या वाटेवर निरोप नेणारी रसायनं आहेत हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन. सेरोटोनिनची ज्या ठिकाणी ऑन्डान्सेट्रॉन अडवणूक करतं, त्या ठिकाणाचा इथे जवळपास संबंधच येत नाही. आंबा घाटात गोळी हरते ती यामुळे. गाडी लागण्यावर हिस्टामिन अडवणारं प्रोमेथाझिन किंवा डायमेनहायड्रिनेट चालतं. ॲसिटिलकोलिन अडवणारं स्कोपोलामिनही चालतं. मात्र ते निघण्याआधी निदान अर्धा-एक तास घ्यावं लागतं. एकदा उमासे सुरू झाले की जठराचं पुढे ढकलण्याचं काम थांबलेलं असतं, मग गोळी पोटातच पडून राहते. या औषधांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घ्यायची नाहीत. प्रोमेथाझिनने अगदी लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो, त्यामुळे 2 वर्षांखालच्या मुलाला ते मुळीच द्यायचं नाही.

चौथी वाट वरून, थोरल्या मेंदूतून उतरते. घाणेरडा वास, भीती, असह्य वेदना, एखादी आठवण, यांनी होणारी उलटी या वाटेची. डोक्याला मार लागून किंवा गाठ वाढून कवटीच्या आतला दाब वाढतो तेव्हाची उलटी यांपेक्षा वेगळी, पण तीही मेंदूतूनच सुरू होते.

या वाटा शोधताना एक अडचण होती. प्रयोगशाळेतला नेहमीचा प्राणी म्हणजे उंदीर, आणि उंदराला उलटी करताच येत नाही. उंदराचं विष उंदरावर चालतं त्याचं एक कारण हेच. म्हणून बरंचसं काम फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर झालं. आणि 1987 साली जपानी संशोधकांनी आपल्या ओळखीचा एक प्राणी पुढे आणला : चिचुंद्री. दिसायला ती उंदरासारखी, पण जात वेगळी. तिला उलटी होते. पिंजरा हलवला तरी होते आणि औषधांनीही होते. स्वयंपाकघरातून हाकलल्या जाणाऱ्या या प्राण्याचा उलटीवरच्या औषधांच्या अभ्यासात मोठा वाटा आहे.

या वाटांचं खरं महत्त्व कळतं ते सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधात. समजा, तोंडाच्या कर्करोगाचा एक पन्नाशीतला रुग्ण आहे आणि त्याला सोमवारी सकाळी सिस्प्लॅटिन सुरू होतं. उलटीसाठी काहीच दिलं नाही, तर अशा शंभरांतल्या नव्वदांहून अधिक जणांना उलट्या होतात. एक-दोन तासांत सुरुवात होते, दिवसभर जोर राहतो आणि 24 तासांच्या आसपास ओसर पडतो. आता संपलं असं वाटत असतानाच बुधवार-गुरुवारकडे दुसरी लाट येते. ती आठवड्याच्या शेवटापर्यंत रेंगाळू शकते.

या दोन लाटा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची वाट एक नाही. सोमवारची लाट सेरोटोनिनची असते. सिस्प्लॅटिन आतड्याच्या अस्तरातल्या त्या पेशींना इजा करतं, सेरोटोनिनचा लोंढा सुटतो आणि व्हेगस नस पेटते. 1981च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं, की मेटोक्लोप्रामाइड हे जुनं औषध नेहमीच्या मात्रेत केमोच्या उलटीवर फारसं चालत नाही, पण अतिशय मोठ्या मात्रेत चालतं. मेटोक्लोप्रामाइडचं ठरलेलं काम एरिया पोस्ट्रेमातलं डोपामिन अडवण्याचं. मोठ्या मात्रेत ते सेरोटोनिनचीही एक जागा अडवतं, हे नंतर उलगडलं. मग फक्त तेवढीच जागा अडवणारं रसायन शोधायचं ठरलं, आणि त्यातून ऑन्डान्सेट्रॉन आणि त्याची भावंडं जन्माला आली.

मेटोक्लोप्रामाइडबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण त्याचा एक दुष्परिणाम घरच्यांची घाबरगुंडी उडवतो. डोपामिन शरीराच्या हालचालींसाठीही लागतं. हे औषध मेंदूत शिरून तिथलंही डोपामिन अडवतं. विशेषतः मुलांत आणि तरुण मुलींत, इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत मान एका बाजूला वळून ताठ होते, डोळे वर जाऊन तिथेच खिळतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. मुलगी शुद्धीवर असते, सगळं ऐकत असते, पण मान सोडवता येत नाही. कोणाला ती फिट वाटते, कोणाला धनुर्वात, आणि कोणी तिला देवऋषीकडेही घेऊन जातं. वास्तविक प्रोमेथाझिनचं किंवा तशाच औषधाचं एक इंजेक्शन मिळालं की सहसा अर्ध्या तासाच्या आत मान सुटते. दोन दिवसांत उलटीवर कोणतं औषध घेतलं, एवढा एक प्रश्न विचारला तरी निदान होतं. डोम्पेरिडोन हे त्याच जातीचं दुसरं औषध, पण ते रक्त-मेंदूची गाळणी सहसा ओलांडत नाही. एरिया पोस्ट्रेमा गाळणीच्या बाहेर असल्यामुळे तिथे ते पोचतं आणि हालचालींच्या भागाला बहुधा धक्का लावत नाही. त्याचा धोका हृदयाची लय बिघडण्याचा आहे. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी ते मनाने घेऊ नये.

आता आपल्या रुग्णाकडे. ऑन्डान्सेट्रॉन आलं तेव्हा सोमवार सावरला, पण बुधवार-गुरुवार तसाच राहिला. मात्रा वाढवून पाहिली तरी दुसरी लाट हटेना. त्या लाटेत सेरोटोनिनचा हात थोडाच असतो. तिथे मुख्य निरोप्या आहे 'सबस्टन्स पी' नावाचं रसायन, आणि ते काम करतं थेट ब्रेनस्टेमच्या त्या जाळ्यातच. या रसायनाचा शोध 1931 सालचा, पण त्याला उलटीत अडवणारं पहिलं औषध, ॲप्रेपिटंट, वापरात यायला 2003 साल उजाडलं. चारही वाटा शेवटी ज्या ठिकाणी मिळतात, त्याच्या जवळ हे औषध उभं राहतं, म्हणून त्याचा आवाका मोठा.

अशा रुग्णाला आता सोमवारी सिस्प्लॅटिनच्या आधीच औषधांचा संच दिला जातो. ऑन्डान्सेट्रॉन किंवा जास्त काळ टिकणारं पॅलोनोसेट्रॉन, 125 मिलिग्रॅम ॲप्रेपिटंट, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ॲप्रेपिटंट मंगळवारी आणि बुधवारी 80 मिलिग्रॅम, आणि डेक्सामेथासोनही पुढचे काही दिवस चालू. ॲप्रेपिटंटमुळे यकृतात स्टेरॉइडचा निचरा मंदावतो, म्हणून सोमवारची स्टेरॉइडची मात्रा एरवीच्या 20 मिलिग्रॅमऐवजी 12 ठेवतात. उलटी होत नाही म्हणून मंगळवारच्या गोळ्या टाळणाऱ्या रुग्णाला बुधवारी जो त्रास होतो, तो या हिशेबात बसतो. गोळी होणाऱ्या उलटीसाठी नसते, येणाऱ्या लाटेसाठी असते.

एवढं करूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे मळमळ. उलटी थांबवणं तुलनेने सोपं झालं आहे, मळमळ अजून चिवट आहे. उलटी ब्रेनस्टेमची, पण मळमळीची जाणीव थोरल्या मेंदूपर्यंत जाते, आणि तिथला निरोप कोणत्या एका रसायनावर चालत नाही. इथे एक अनपेक्षित औषध कामाला आलं : ओलान्झापिन, मूळचं मनोविकारावरचं. ते डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशा अनेक जागा एकदम अडवतं. हा पसारा मळमळीवर उपयोगी ठरतो. 2016 साली एका मोठ्या चाचणीत त्याने मळमळ कमी केल्याचं दिसलं. पण 10 मिलिग्रॅमची ती नेहमीची मात्रा घेतली की रुग्ण दुसऱ्या दिवशीही गुंगीत राहायचे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हाच प्रश्न धरला आणि 2.5 मिलिग्रॅमची 10 मिलिग्रॅमशी तुलना केली. 2024 साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उलटी रोखण्यात कमी मात्रा मागे पडली नाही आणि दिवसाची झोपाळू गुंगी बरीच कमी झाली. ही स्वस्त गोळी आणि तिची चौथाई मात्रा आपल्याकडच्या रुग्णाला किती सोयीची आहे, हे वेगळं सांगायला नको.

काही रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या फेरीला रुग्णालयाचा वास आला, तरी सलाइन लावायच्या आधीच उलटी होते. हा स्वभाव नाही. पहिल्या फेऱ्यांमध्ये त्रास झाला की मेंदू वास आणि उलटी यांची गाठ पक्की बांधतो आणि मग चौथी वाट उघडते. एकदा ती उघडली की ऑन्डान्सेट्रॉन किंवा ॲप्रेपिटंट फार काही करू शकत नाही, लोराझेपामसारखं चिंता कमी करणारं औषध आणि समुपदेशन थोडंफार चालतं. म्हणून पहिल्या फेरीत उलटी होऊच न देणं ही सर्वांत मोठी खबरदारी.

जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या लहान मुलात मात्र पहिलीच वाट असते, आणि तिथे ऑन्डान्सेट्रॉन आपलं काम चोख करतं. डॉक्टर वजनानुसार एक मात्रा देतात. तेवढ्याने उलटी थांबून मूल चमच्याचमच्याने ओआरएस ठेवू शकतं, आणि सलाइन टळू शकतं. खरा उपचार ओआरएसच असतो. गोळी फक्त तो पोटात राहू देते. दोन-तीन गोळ्या मागून पुन्हापुन्हा देत बसलं, तर जुलाब वाढू शकतात.

काही उलट्या गोळीने थांबवायच्याच नसतात. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी, रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी, डोक्याला मार लागल्यावर होणारी, असह्य डोकेदुखी आणि ताठ मानेबरोबरची, पोट फुगून संडास-वारा बंद असताना होणारी. इथे गोळी लक्षण झाकते आणि वेळ घालवते. घरातल्या कोणाला केमो सुरू असेल, तर प्रत्येक फेरीनंतर पाच दिवस रोज एक ओळ लिहून ठेवा : किती उलट्या, किती मळमळ, कोणती गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी त्रास असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.